मंगळवार ते शुक्रवार: कथेत उडी मारायच्या चार वाटा, आणि कुठली कधी घ्यावी

एक कथा धरू. मालती चिपळूणची, पन्नाशीची. धाकटा भाऊ सुधीर डोंबिवलीला, आईच्या नावावर असलेल्या दोन खोल्यांत बायको नीताबरोबर राहतो. वडील पूर्वीच गेले, आता आईही गेली, वारस हे दोघंच. मे महिन्यातल्या एका मंगळवारी संध्याकाळी सुधीरचा फोन येतो: हक्कसोड पत्र तयार आहे, ताईनं येऊन सही करायची. शुक्रवारी सकाळी अकराला मालती कल्याणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात बाकावर बसलेली आहे.

मधल्या अडीच दिवसांचं काय करायचं, हा लिहिणाऱ्याचा प्रश्न. कच्च्या खर्ड्यात बहुतेक जण ते भरून काढतात. मालती बॅग भरते, नवऱ्याच्या जेवणाची सोय लावते, रिक्षानं स्टेशनवर जाते, सावंतवाडी–दिवा गाडीत खिडकी मिळवते, दिव्याला उतरून लोकल पकडते, नीता दार उघडते, चहा होतो. चार-पाचशे शब्द सहज जातात आणि त्यातला एकही सहीबद्दल नसतो. वाचक मात्र सहीसाठीच थांबलेला असतो. म्हणजे उडी मारायची हे नक्की. ती मारण्याच्या चार वाटा आहेत, आणि त्या एकमेकींच्या जागी चालत नाहीत. चारही याच कथेवर लावून बघू.

सांधणारं वाक्य

सगळ्यात जुनी आणि सगळ्यात कमी लेखली जाणारी वाट.

> "बरं, येते," म्हणून मालतीनं फोन ठेवला. बुधवार घरात सांगण्यात गेला, गुरुवार गाडीत. शुक्रवारी अकराला ती कल्याणच्या दुय्यम निबंधक कार्यालयात, भिंतीकडेच्या बाकावर, सुधीर आणि नीताच्या मधे बसली होती.

दोन वाक्यांत अडीच दिवस आणि दोनशेहून जास्त किलोमीटर पार झाले, आणि वाचक कुठेही अडखळला नाही. हल्ली या वाक्याला जुनाट समजायची पद्धत पडली आहे. सिनेमासारखा झटकन कट हवा, असं सांगितलं जातं. पण सिनेमात नवी जागा डोळ्यांना एका क्षणात दिसते, कागदावर ती शब्दांनीच उभी करावी लागते. ते शब्द सांधणाऱ्या वाक्यात आधीच आलेले असतात.

याचा दुसरा फायदा असा की वाटेत एखाद्या ठिकाणी दिवा लावता येतो. समजा हेच वाक्य असं केलं: "बुधवारभर हे काही बोलले नाहीत; गुरुवारी स्टेशनवर सोडायला आले तेव्हा गाडी हलता हलता म्हणाले, वाचल्याशिवाय सही करू नको." सगळा बुधवार गाळला, सगळा प्रवास गाळला, पण नवऱ्याचं एक वाक्य ठेवलं. आता शुक्रवारी कागद समोर आला की मालतीबरोबर वाचकही तो कागद वाचायला लागतो. ही सोय बाकीच्या तिन्ही वाटांत नाही.

बिघडतं ते सवयीनं. प्रत्येक परिच्छेद 'दुसऱ्या दिवशी', 'त्यानंतर', 'काही दिवसांनी' असा उघडू लागला की कथेची रोजनिशी होते. आपल्या खर्ड्यातल्या परिच्छेदांचे फक्त पहिले तीन-तीन शब्द एका कागदावर उतरवून पाहावेत, हा दोष तिथे लगेच दिसतो. आणि 'पाहता पाहता वर्ष सरलं', 'असेच दिवस जात होते' ही वाक्यं तर कुणाच्याही कथेत बसतात, म्हणून कुणाच्याच कथेत नकोत.

त्याऐवजी काळ मोजायला पात्राच्या घरातलंच माप घ्यावं. मालती कोकणातली आहे. 'सहा महिन्यांनी' म्हणण्याऐवजी 'गणपतीत बांधलेलं तोरण शिमग्याला उतरवलं' म्हटलं तर सहा महिने तर गेलेच, शिवाय त्या घरात कुणाचं लक्ष नव्हतं हेही कळलं. आई गेल्यानंतरचे दिवस मोजायला दहावा, तेरावा, मासिक श्राद्ध ही मापं आहेतच. मात्र माप त्या माणसाचं असावं. डोंबिवलीत लोकल आणि पगाराच्या तारखेवर जगणाऱ्या सुधीरच्या तोंडी किंवा त्याच्या नजरेतून 'मृगाच्या सरी पडून गेल्या' आलं की ते लेखकानं वरून चिकटवल्यासारखं वाटतं. त्याचा काळ घराच्या हप्त्यानं आणि मुलाच्या परीक्षांनी पुढे सरकतो.

रिकामी ओळ

दोन प्रसंगांत एक ओळ सोडायची, किंवा मधे तारका टाकायची.

> "येते ना. सही करायला कितीसा वेळ लागतो," मालती म्हणाली.
>
> \*
>
> "स्वखुशीनं करताय ना?" दुय्यम निबंधकांनी कागदावरून मान वर करून विचारलं. मालतीनं आधी सुधीरकडे पाहिलं.

सांधणाऱ्या वाक्यात निवेदक वाचकाचा हात धरतो. इथे हात सोडून दिलेला आहे. 'कितीसा वेळ लागतो' आणि 'स्वखुशीनं ना' ही दोन वाक्यं शेजारी आली आणि मधल्या पोकळीत वाचक स्वतःच काहीतरी भरू लागला. म्हणूनच ही वाट वजनदार आहे. रिकामी ओळ वाचकाला सांगते की इथे काहीतरी घडलं आणि ते तुला मुद्दाम दाखवलं नाही. खरोखर तसं काही घडलेलं नसेल, फक्त रात्र होऊन सकाळ झाली असेल, तर ती ओळ खोटी पडते. अडीच हजार शब्दांच्या कथेत आठ-दहा तारका दिसल्या की माझा तरी अंदाज असा असतो की लेखकाला जोडवाक्यं लिहायचा कंटाळा आला आहे. तीन-चार पुरतात.

तारकेनंतर वाचकाला तीन गोष्टी लगेच हव्या असतात: कोण, कुठे, केव्हा. पहिल्या दोन वाक्यांत त्या मिळाल्या नाहीत तर तो तिसरं वाक्य अंदाजानं वाचतो, आणि अंदाज चुकला की परत मागे येतो. इथे मराठीची एक खास खोच आहे, तिच्यावर थोडं थांबू.

आपल्याकडे क्रियापदावरून बाई की पुरुष हे कळतं, म्हणून नाव गाळलं तरी चालेल असं लेखक धरून चालतो. 'आत आली' म्हटलं की कुणी बाई आहे हे कळतं, खरंच आहे. पण भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्त्याकडे बघत नाही, कर्माकडे बघतं. तारकेनंतर परिच्छेद असा सुरू झाला समजा:

> कुलूप काढलं. पिशवी ओट्यावर ठेवली. गॅस पेटवून आधण टाकलं.

हे कोण? मालती, नीता, सुधीर, कुणीही. 'काढलं' कुलपाचं आहे, 'ठेवली' पिशवीची आणि 'टाकलं' आधणाचं. तीन वाक्यं झाली आणि माणसाचा पत्ता नाही. लेखकाच्या डोळ्यांसमोर नीता असते, त्यामुळे त्याला हे जाणवतच नाही. उपाय सोपा आहे. तारकेनंतरच्या पहिल्या वाक्यात एकतर कर्ता नावानिशी आणावा, 'नीतानं कुलूप काढलं'. नाहीतर अकर्मक क्रियापदानं सुरुवात करावी, 'कुलूप काढून नीता आत आली'. या कथेत दोन बायका आहेत, म्हणून नुसतं 'आत आली' पुरणार नाही, नाव हवंच. आदरार्थी 'ते'चंही तसंच. नवरा 'ते', निबंधक 'ते', आणि 'ते दोघं' मिळूनही 'ते'. तारकेनंतर लगेच 'ते आले' लिहिलंत तर वाचकाला तीन दारं उघडी दिसतात.

तारकेच्या आधीची ओळही तितकीच तपासण्यासारखी. प्रसंग संपला हे न पटून लेखक शेवटी एक झाकण बसवतो: "मालतीनं फोन ठेवला. बाहेर अंधार दाटला होता. तिच्या मनातही." किंवा, "तिला कुठे ठाऊक होतं की शुक्रवारी काय वाढून ठेवलंय." पहिल्यानं हवेला रंग दिला, दुसऱ्यानं पुढचं फोडलं. प्रत्येक प्रसंगाचं शेवटचं वाक्य एकदा काढून पाहावं. बहुतेक वेळा त्याच्या आधीचं वाक्यच खरा शेवट असतो, आणि इथे तो 'कितीसा वेळ लागतो' हाच आहे.

एक व्यवहाराची गोष्ट. नुसती रिकामी ओळ छापताना हरवते. ती पानाच्या तळाशी आली की दिसतच नाही. दोन स्तंभांच्या दिवाळी अंकात स्तंभ संपतो तिथे आली तरी तेच. जुन्या फॉण्टमधला मजकूर युनिकोडमध्ये नेताना किंवा मेलमधून उचलून लावताना जोडकाम करणारा मोकळ्या ओळी सरसकट मिटवतो तेही होतं. मग मंगळवारचं वाक्य आणि शुक्रवारचं वाक्य एकाच परिच्छेदात येऊन बसतात. म्हणून ओळीच्या मधोमध एक तारका टाकलेली बरी. छोट्या उडीला रिकामी ओळ आणि मोठ्या उडीला तीन तारका असा फरक काही जण ठेवतात. तो लेखकाला समाधान देतो, वाचकाला तो फरक कळत नाही.

वस्तू पलीकडे नेणं

अलीकडच्या प्रसंगातली एखादी वस्तू, आवाज किंवा क्रिया पलीकडच्या प्रसंगात पुन्हा आणायची, आणि तिच्यावरून वाचकाला पलीकडे न्यायचं.

> फोन आला तेव्हा मालती फणसाचे गरे काढत होती. "शुक्रवारी अकराला कल्याणला पोचायचंय, ताई. आदल्या दिवशी इकडे ये म्हणजे धावपळ नको," सुधीर म्हणाला. बोलून झाल्यावर ती खोबरेल घेऊन बोटांचा चीक काढत बसली. बाकीची बोटं सुटली. अंगठ्याच्या रेषांत काळं राहिलंच.
>
> "अंगठा नीट पुसून घ्या, मावशी. मशीन घेत नाहीये." ऑपरेटरनं यंत्र तिच्याकडे सरकवलं. नीतानं पर्समधून रुमाल काढून दिला.

तारका नाही, 'शुक्रवारी' नाही, तरी वाचक कल्याणला पोचला. त्याला नेलं अंगठ्यानं. हा अंगठा इथे का चालतो ते नीट पाहण्यासारखं आहे. नोंदणीच्या वेळी अंगठ्याचा ठसा आणि फोटो घेतात, म्हणजे पलीकडे अंगठा लागणारच होता. मे महिन्यात चिपळूणच्या घरात फणस असणारच, आणि फणसाचा चीक तेलाशिवाय सुटत नाही, तेलानंही पटकन जात नाही. दोन्हीकडे वस्तू आपल्या कामासाठी आली आहे. माहेरचं काही सोडून द्यायला निघालेल्या बाईच्या बोटाला काहीतरी चिकटून राहिलं आहे, हा अर्थ त्यात आहे, पण तो कुणी बोलून दाखवलेला नाही. दाखवला असता तर सगळं फुकट गेलं असतं.

आता वाईट नमुना. मालतीच्या घरात कुकरची शिट्टी होते, आणि पुढच्या वाक्यात गाडीची शिट्टी होते. आवाज जुळला, पण कुकरला कथेत काही काम नाही. वाचकाला तिथे मालती दिसत नाही, शिट्टीला शिट्टी जोडणारा लेखक दिसतो. पाऊस ते शॉवर, दिव्याची ज्योत ते सूर्योदय, रडणारं मूल ते रडणारी म्हातारी, हे सगळे त्याच घराण्यातले. कसोटी अशी: वस्तू बदलून दुसरी घातली तर पलीकडचा प्रसंग तसाच राहतो का? राहत असेल तर ती वस्तू निव्वळ जोडकामासाठी आणलेली आहे, काढून टाका. आणि खरी मिळाली तरी एका कथेत एकदाच. दुसऱ्यांदा वाचक वाटच बघत असतो.

या वाटेची उघड मर्यादा म्हणजे वस्तू 'कुठे' आणि 'केव्हा' सांगत नाही. वरच्या उताऱ्यात ते काम सुधीरच्या बोलण्यानं आधीच उरकलं आहे. वार, वेळ, गाव, तिन्ही त्यानं सांगून ठेवले, म्हणून पलीकडे गेल्यावर पुन्हा सांगावे लागले नाहीत. हे आधी पेरून ठेवणं तारकेच्या वाटेलाही तितकंच उपयोगी आहे. तारकेनंतर तारीख-वार लिहायची वेळ येते ती बहुधा आधीच्या प्रसंगात पेरणी राहून गेल्यामुळे. मला विचाराल तर उडी बसत नसेल तेव्हा उडीच्या पलीकडे डागडुजी करण्याआधी अलीकडे दहा ओळी वर जाऊन पाहावं.

क्रियापदावरची उडी

आतापर्यंतच्या तिन्ही उड्या पुढच्या दिवसांकडे होत्या. मागे जायचं असेल, आठवणीत, तर मराठीत त्यासाठी तारकाही लागत नाही आणि वस्तूही नाही. क्रियापद पुरतं. आणि सगळ्यात जास्त गोंधळही इथेच होतो.

मालती बाकावर बसली आहे, नंबर यायचा आहे.

> नाव पुकारायला अजून वेळ होता. आईनं खोल्या घेतल्या तेव्हा मालतीचं लग्न ठरत आलं होतं. पहिल्या हप्त्याला पैसे कमी पडले होते. आई तिला घेऊन सोनाराकडे गेली. सोनारानं पाटल्या तराजूत टाकल्या, काटा पाहिला आणि म्हणाला, "एक जोड हिच्या लग्नाला ठेवा की, वहिनी." आईनं पदर सारखा केला. "घर झालं की ते हिचंही असेलच," ती म्हणाली.
>
> "चौदा नंबर!" शिपाई दारातून ओरडला. नीता आधीच उठून उभी राहत होती.

क्रियापदं पाहा. 'ठरत आलं होतं', 'पडले होते': दोनदा 'होतं-होते' आलं, एवढ्यानं वाचक मागे गेला. त्यानंतर 'गेली', 'टाकल्या', 'पाहिला', 'म्हणाला', सगळा साधा भूतकाळ. सोनाराचं दुकान आता डोळ्यांसमोर चालू आहे. दोन टोकांच्या चुका इथे होतात. एक, शेवटपर्यंत 'होता' धरून ठेवणं: गेली होती, टाकल्या होत्या, पाहिला होता, म्हणाला होता. सहाव्या 'होता'ला वाचकाचे कान दुखू लागतात आणि प्रसंग घडत नाही, घडल्याचं कुणीतरी सांगतं आहे असं वाटतं. दुसरी, 'होता' मुळीच न वापरणं. मग 'आई तिला घेऊन सोनाराकडे गेली' वाचताना क्षणभर वाटतं की आई जिवंत आहे आणि कल्याणच्या कचेरीतून उठून गेली. सुरुवातीला दोन-तीन 'होता', मग साधा भूतकाळ, हे प्रमाण बहुतेक ठिकाणी बसतं. आठवण दोन वाक्यांचीच असेल तर मात्र दोन्हीत 'होता' ठेवावा, सोडायची गरज नाही.

जाण्यापेक्षा परत येणं अवघड. साध्या भूतकाळात आठवण सांगून झाली आणि पुढचं वाक्यही साध्या भूतकाळातच आलं, तर वाचक सोनाराच्या दुकानातच राहतो. म्हणून परतीला कचेरीतली एखादी गोष्ट हवी जी दुकानात असूच शकत नाही. इथे शिपायाची हाक आहे. त्याच्यामागे 'उभी राहत होती' असं चालू क्रियापद आलं की जमीन घट्ट झाली. 'मालती भूतकाळात हरवून गेली' आणि 'तिची तंद्री भंगली' ही जोडी यासाठीच वापरली जाते, पण क्रियापद आणि शिपाई मिळून ते काम करत असताना त्यांना ठेवायचं कारण नाही.

याच वाटेचा एक पोटभाग, पुढे जाणारा. 'करायचा', 'यायची' अशा सवयीच्या क्रियापदानं लांब काळ गुंडाळता येतो आणि साध्या भूतकाळानं तो एका दिवशी आणून थांबवता येतो. "सुधीर दर रविवारी फोन करायचा. आधी आई बोलायची, मग तो, मग नीता घाईघाईनं दोन शब्द. त्या रविवारी फोन नीतानं केला." पहिल्या दोन वाक्यांत कितीतरी वर्षं गेली, तिसऱ्यात आई गेल्याची बातमी दारात येऊन उभी राहिली. परिच्छेदही बदलावा लागला नाही. मला स्वतःला चारही वाटांत ही सगळ्यात गुळगुळीत वाटते, आणि ती फार कमी वापरली जाते.

एक बारीक गोष्ट इथेच सांगायला हवी. 'काल रात्री नीतानं पुरण घातलं होतं' म्हटलं की आपण मालतीच्या डोक्यात असतो. 'आदल्या रात्री' म्हटलं की निवेदकाजवळ. दोन्ही बरोबर. पण एकाच परिच्छेदात कधी 'काल', कधी 'आदल्या दिवशी' आलं की गोष्ट कोण सांगतंय तेच डळमळतं, आणि वाचक त्याचा दोष उडीला देतो.

मग या कथेला कुठली?

किती दिवस गाळले यावरून हे ठरत नाही. त्या दिवसांत काय बदललं यावरून ठरतं. मालतीच्या कथेचे तीन वेगळे आराखडे होऊ शकतात, आणि प्रत्येकाला वेगळी उडी लागते.

पहिल्यात मालतीनं काहीच ठरवलेलं नाही. सही करायचीच आहे, असं धरून ती आली आहे, आणि प्रश्न पडतो तो थेट कचेरीत. मधल्या दिवसांत काही बदललं नाही, म्हणून तारका नको. सांधणारं वाक्य पुरेल, अंगठा मिळाला असेल तर अंगठा अधिक चांगला. आईच्या पाटल्यांची आठवण बाकावरच यायला हवी, आधी नाही, कारण तीच तिला थांबवते.

दुसऱ्यात बुधवारी घरात काहीतरी झालं. नवरा म्हणाला, आपल्या मुलीच्या लग्नाला पैसे कुठून आणणार आहेस? आता हा बुधवार कथेचा मधला प्रसंगच आहे. तो गाळून पुढे 'बुधवारी नवऱ्याशी वाद झाला होता' असं मागाहून सांगणं म्हणजे जेवणातली भाजी वगळून तिची पाककृती वाढणं. बुधवार पूर्ण लिहावा आणि गुरुवारचा प्रवास एका अर्ध्या वाक्यात संपवावा. या आराखड्यात उड्या दोन होतात, पण दोन्ही छोट्या आणि सांधलेल्या.

तिसरा सगळ्यात मोहाचा आणि सगळ्यात धोक्याचा. गुरुवारी रात्री डोंबिवलीत मालती ठरवते की सही करायची नाही, आणि वाचकाला हे कचेरीतच कळावं अशी लेखकाची इच्छा आहे. इथे तारका लागणार हे उघड आहे. पण कथा मालतीच्या नजरेतून चालली असेल, तिच्या अंगठ्याचा चीक, तिच्या मनातल्या पाटल्या सगळं आपण पाहिलं असेल, तर तिचा निर्णय तेवढा तारकेमागे दडवणं ही फसवणूक होते. वाचक शेवटी चकित होतो, पण नंतर चिडतो. 'मी' म्हणून सांगितलेल्या कथेत तर जास्तच. यातून सुटायचे मार्ग दोनच. एक, सुधीरच्या नजरेतून लिहा; त्याला ताईच्या मनातलं माहीत नसतं, मग लपवण्याचा प्रश्नच उरत नाही, आणि 'स्वखुशीनं करताय ना' नंतरची तिची शांतता त्याच्या पोटात गोळा आणते. दुसरा, मालतीच्याच नजरेतून राहायचं असेल तर निर्णय गुरुवारी होऊ देऊ नका. रात्री ती नीताच्या स्वयंपाकघरात आईची तांब्याची कळशी शोधते आणि ती सापडत नाही, एवढंच दाखवा आणि तिथे तारका टाका. निर्णय झालेला नाही, पण त्याचं कारण वाचकाच्या हातात पडलं आहे. कचेरीत ती पेन खाली ठेवते तेव्हा कुणी फसवलं असं वाटत नाही.

मी असतो तर पहिला आराखडा घेतला असता: मंगळवार, अंगठा, शुक्रवार, मधे पाटल्या, परत शुक्रवार. तारका एकही नाही.

कथा छापण्याऐवजी वाचून दाखवायची असेल, कथाकथनाला, आकाशवाणीला किंवा पॉडकास्टला, तर हिशोब थोडा बदलतो. तारका ऐकू येत नाही. वाचणारा तिथे थांबतो, पण ऐकणाऱ्याला तो थांबणं आणि श्वास घेणं यांतला फरक कळेलच असं नाही. आवाजासाठी सांधणारं वाक्य आणि अंगठा या दोन वाटा भरवशाच्या, क्रियापदावरची आठवणही चालते, कारण 'होती' कानाला लगेच ओळखू येते. तारका ठेवायचीच असेल तर तिच्यानंतरचं पहिलं वाक्य माणसाच्या नावानं सुरू करा. छापायच्या कथेलाही हीच परीक्षा लावता येते: कुणाला तरी कागद न दाखवता, तारकेपाशी न थांबता सलग वाचून दाखवा, आणि प्रत्येक उडीनंतर तीन वाक्यांवर थांबून विचारा, आता मालती कुठे आहे? उत्तराला वेळ लागला तर पुढे 'शुक्रवारी' घुसडू नका. वर जाऊन सुधीरच्या फोनमध्ये तो वार आला आहे का ते आधी पाहा.